गहू, पीठ, पाव : तीन टक्क्यांच्या फरकाआड दडलेल्या चार चुका

पार्श्वभूमी

एका लहान प्रदेशाच्या वर्षभराच्या उत्पादनाचे लेखे मूल्यवर्धन पद्धतीने तयार करण्याचे काम तीन जणांच्या गटाकडे होते. त्यातल्या एका साखळीचे हे प्रकरण आहे: शेतात गहू, गिरणीत पीठ, बेकरीत पाव आणि शेवटी किरकोळ दुकान. साखळीतल्या घटकांची ओळख राहणार नाही अशी मांडणी केली आहे. रकमाही आकडेमोड डोळ्यांसमोर राहावी म्हणून लहान करून चलनाच्या साध्या एककात दिल्या आहेत. कर, अनुदान, आयात आणि निर्यात या साखळीत नव्हती, त्यामुळे मुद्दा निव्वळ दुहेरी मोजणीचा राहिला.

पाठ्यपुस्तकातली गहू-पीठ-पावाची साखळी अगदी सरळ असते. शेतकरी काहीही विकत न घेता गहू पिकवतो, गिरणी सगळा गहू दळते, बेकरी सगळ्या पिठाचा पाव करते आणि वर्षअखेर कोठार रिकामे असते. प्रत्यक्षातली साखळी चार बाबतींत वेगळी होती. शेतकऱ्याने थोडा गहू बियाण्यासाठी मागे ठेवला होता. बेकरीने काही गहू थेट शेतातून घेऊन गिरणीकडून फक्त दळून घेतला होता. गिरणीने थोडे पीठ घरगुती ग्राहकांना विकले होते. आणि वर्ष संपताना गिरणीत पीठ शिल्लक होते. यांतले घरगुती विक्रीचे प्रकरण सरळ मिटले. उरलेल्या तिन्ही ठिकाणी एकेक चूक झाली, आणि चौथी झाली पगाराच्या रकान्यात.

पहिली बेरीज आणि तिच्यातला दोष

चारही घटकांकडून प्रपत्रे भरून आली. पहिल्या रकान्यात वर्षाची विक्री होती: शेत ९६०, गिरणी १,३४०, बेकरी २,१५०, दुकान २,५८०. बेरीज ७,०३०.

ही बेरीज उत्पादन म्हणून धरता येणार नाही हे गटाला ठाऊक होते. शेतातून गिरणीत, तिथून बेकरीत आणि पुढे दुकानात गेलेल्या गव्हाची किंमत या बेरजेत चार वेळा येते: एकदा गहू म्हणून, एकदा पिठाच्या किमतीत, एकदा बेकरीने विकलेल्या पावाच्या किमतीत आणि एकदा दुकानातल्या पावाच्या किमतीत. गिरणीने दळण्याचे जे काम केले ते तीन वेळा, बेकरीचे दोन वेळा. साखळीत जो जितका मागे, तितके त्याचे काम जास्त वेळा मोजले जाते.

याहून गंभीर दोष वेगळाच आहे. उद्या बेकरीने गिरणी विकत घेतली, तर गिरणी ते बेकरी हा व्यवहार विक्री राहणार नाही, एकाच घरातली हलवाहलव होईल. विक्रीची बेरीज तेवढ्याने खाली येईल, पण दळलेला गहू तितकाच आणि भाजलेला पाव तितकाच. मालकी बदलल्याने जी संख्या बदलते ती उत्पादनाचे माप असू शकत नाही. ही कसोटी गटाने लिहून ठेवली होती. पुढे तिचा उपयोग अगदी वेगळ्या कामासाठी झाला.

समोरचे पर्याय

दुहेरी मोजणी टाळण्याचे दोन मार्ग समोर होते. एक, फक्त अंतिम वस्तू मोजायच्या. दुसरा, प्रत्येक घटकाच्या उत्पादनमूल्यातून त्याने वापरून संपवलेल्या वस्तू आणि सेवा, म्हणजे मध्यवर्ती उपभोग, वजा करायचा आणि उरलेल्या मूल्यवर्धनाची बेरीज घ्यायची.

अंतिम वस्तूंचा मार्ग आधी सोपा वाटला. दुकानातला पाव २,५८० आणि घरांना विकलेले पीठ १०८, झाले काम. पण तीच गिरणी, तेच पोते, तेच पीठ बेकरीत गेले की मध्यवर्ती आणि घरात गेले की अंतिम. वस्तू पाहून हे ठरत नाही, ती कोणी आणि कशासाठी घेतली यावरून ठरते. मोठ्या प्रदेशात प्रत्येक पोत्याचा असा माग काढणे शक्य नसते.

दुसरी अडचण साखळीच्या बाहेरची होती. पावाच्या २,५८० मध्ये खत, डिझेल, वीज आणि यीस्ट यांचीही किंमत मिसळलेली आहे. खताच्या कारखान्याचे लेखे दुसऱ्या कोणाकडे होते. पाव पूर्ण किमतीला इथे मोजला आणि खताचे मूल्यवर्धन तिथे मोजले, तर एकत्र करताना खत दोनदा येणार. एकेका साखळीचे किंवा उद्योगाचे लेखे करताना मूल्यवर्धन हाच मार्ग सुरक्षित, कारण प्रत्येक घटक फक्त आपली भर सांगतो आणि दुसऱ्याची सोडून देतो. उद्योगवार आकडे हवे असतील तर दुसरा मार्ग नाहीच. आंतरराष्ट्रीय उद्योग वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत गव्हाची शेती ०१११ मध्ये, गिरणी १०६१ मध्ये आणि बेकरी १०७१ मध्ये पडते. प्रत्येकाचा वाटा वेगळा दाखवायचा होता.

गटाने मूल्यवर्धन हा मुख्य मार्ग ठरवला आणि अंतिम वापराची बाजू ताळा घेण्यासाठी ठेवली. हा निर्णय बरोबर होता. चूक झाली ती ताळ्यावर किती विसंबायचे यात.

पहिला प्रयत्न

प्रपत्रातल्या विक्रीतून प्रपत्रातला खर्च वजा केला. शेत: ९६० वजा ३००, म्हणजे ६६०. गिरणी: १,३४० वजा ८१०, म्हणजे ५३०. बेकरी: २,१५० वजा १,६१०, म्हणजे ५४०. दुकान: २,५८० मधून पावाच्या खरेदीचे २,१५० आणि इतर ८० वजा करून ३५०. बेरीज २,०८०.

मग ताळा. साखळीतून शेवटी बाहेर काय गेले? पाव २,५८०, घरगुती पीठ १०८, आणि गिरणीचा कोंडा ८०, जो साखळीबाहेरच्या पशुखाद्य कारखान्याने घेतला. एकूण २,७६८. साखळीबाहेरून आत काय आले? शेताला खत, डिझेल वगैरे २६०, गिरणीला वीज, पोती आणि दुरुस्ती ९०, बेकरीला यीस्ट, मीठ, इंधन आणि वेष्टन १९२, दुकानाला वीज, पिशव्या आणि इमारतीचे भाडे ८०. एकूण ६२२. फरक २,१४६.

एकीकडे २,०८०, दुसरीकडे २,१४६. तफावत ६६, म्हणजे सुमारे तीन टक्के.

निर्णयाचा पहिला टप्पा : तीन टक्के सोडून द्यायचे का?

राष्ट्रीय लेख्यांमध्ये उत्पादन बाजू आणि खर्च बाजू यांत थोडी तफावत राहतेच, आणि ती ‘सांख्यिकीय तफावत’ म्हणून स्वतंत्र ओळीत दाखवण्याची रीतही आहे. गटातल्या दोघांचे मत तसेच करावे असे पडले. तिसऱ्या सदस्याचे म्हणणे वेगळे होते. ही तफावत शेकडो घटकांच्या नमुन्यातून आलेली नाही, चार प्रपत्रांतून आली आहे. चार प्रपत्रांत तफावत शून्यच असायला हवी. नसेल तर कुठेतरी ठरावीक कारण आहे आणि ते शोधता येईल.

हे म्हणणे मान्य झाले. मात्र शोध कुठून सुरू करायचा हा प्रश्न होता. लहान आकडे तपासत ६६ जुळवत बसणे हा एक मार्ग. तो घेतला असता तर काहीच सापडले नसते, कारण ६६ ची अशी चूक कुठेच नव्हती.

दुसरा मार्ग त्या एकत्रीकरणाच्या कसोटीचा. गिरणी आणि बेकरी एकाच मालकाच्या आहेत असे समजून त्यांच्यातला व्यवहार दोन्हीकडून खोडायचा. त्यासाठी गिरणीने ‘बेकरीला दिले’ म्हणून दाखवलेली रक्कम आणि बेकरीने ‘गिरणीला दिले’ म्हणून दाखवलेली रक्कम सारखी हवी. गिरणीच्या प्रपत्रात बेकरीकडे गेलेले पीठ १,१५२ चे होते. बेकरीच्या प्रपत्रात गिरणीला चुकते केलेले पैसे ७६८. फरक ३८४.

म्हणजे ६६ ची तफावत लहान नव्हतीच. मोठ्या चुका एकमेकींना खाऊन ती लहान दिसत होती.

काय सापडले : दळणावळ

गिरणीच्या प्रपत्रात ‘बाहेर पाठवलेले पीठ’ असा रकाना होता आणि शेजारी दर. गिरणीच्या हिशेबनीसाने प्रामाणिकपणे गिरणीतून बाहेर पडलेले सगळे ७० टन पीठ लिहून १८ चा बाजारभाव लावला होता: १,२६०. त्यात कोंड्याचे ८० मिळवून १,३४०.

यांपैकी २४ टन पीठ गिरणीचे नव्हतेच. बेकरीने शेतातून २४ टन गहू २४० ला घेतला होता आणि कोंड्यासकट दळून घेतला होता. गहू बेकरीच्या मालकीचा, पीठही बेकरीच्या मालकीचे. गिरणीची कमाई फक्त दळणावळ, टनाला २ प्रमाणे ४८. प्रपत्रात मात्र ४३२ लिहिले गेले. त्या पिठातला गहू गिरणीने कधी विकत घेतला नव्हता, त्यामुळे खर्चाच्या बाजूला तो वजाही झाला नाही. शेताने २४० चा गहू आपल्या विक्रीत मोजला आणि गिरणीने तोच गहू आपले मूल्यवर्धन म्हणून पुन्हा मोजला. मूल्यवर्धन पद्धत वापरूनही दुहेरी मोजणी झाली ती अशी.

ही चूक वजनाच्या हिशेबातूनही पकडता आली असती. गिरणीने सांगितलेला उतारा १०० किलो गव्हामागे ७५ किलो पीठ असा होता, आणि पांढऱ्या पिठासाठी तो नेहमीचाच आहे. उरलेल्यात कोंडा आणि साफसफाईची घट. गिरणीची गव्हाची खरेदी ७२ टन, म्हणजे पीठ ५४ टन निघायला हवे. बाहेर गेलेले दाखवले होते ७० टन. पैशांच्या रकान्यात अशी विसंगती दिसत नाही, कारण पैशात नफ्याला वरची मर्यादा नसते. पिठाच्या उताऱ्याला असते.

मालकी हाच इथला निकष आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या राष्ट्रीय लेखा प्रणालीतही हेच तत्त्व आहे: दुसऱ्याच्या मालकीच्या मालावर प्रक्रिया करणाऱ्याचे उत्पादन म्हणजे त्याला मिळालेले प्रक्रियाशुल्क, त्या मालाची पूर्ण किंमत नव्हे.

निर्णयाचा दुसरा टप्पा : दुरुस्तीनंतर तफावत वाढली

गिरणीच्या आकड्यातून ३८४ वजा केल्यावर मूल्यवर्धनाची बेरीज १,६९६ झाली. ताळ्याचा आकडा २,१४६ तसाच होता, कारण दळणावळीचा व्यवहार साखळीच्या आतला होता. तफावत ६६ वरून ४५० वर गेली.

बरोबर दुरुस्ती केल्यावर ताळा बिघडलेला पाहून हात मागे घेण्याचा मोह फार मोठा असतो. इथेही ‘३८४ ची दुरुस्ती थांबवून आधी खात्री करू’ अशी सूचना आली. पण दुरुस्तीला दोन स्वतंत्र आधार होते, बेकरीने चुकते केलेले पैसे आणि पिठाचे वजन. तिला ताळ्याच्या परवानगीची गरज नव्हती. गटाने ती कायम ठेवली आणि ४५० चा शोध घेतला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता.

काय सापडले : पगार आणि बियाणे

बेकरीचा खर्च १,६१० होता. त्याची फोड मागवली: पीठ ७२०, गहू २४०, दळणावळ ४८, यीस्ट ते वेष्टन १९२, आणि पगार ४१०. बेकरीच्या दृष्टीने पगार हा खर्चच. उत्पादनाच्या लेख्यात मात्र पगार वजा होत नाही. पीठ दुसऱ्या कोणीतरी तयार केले होते आणि ते तिथे मोजले गेले. भट्टीवर उभ्या राहिलेल्या कामगाराचे श्रम इतर कोणत्याही घटकाच्या लेख्यात येत नाहीत. ते इथे वजा केले तर ते कुठेच मोजले जाणार नाहीत. बेकरीचे मूल्यवर्धन २,१५० वजा १,२००, म्हणजे ९५०. प्रपत्रातले ५४० हे पगार वाटून झाल्यावर मालकाकडे उरलेले अधिक्य होते, आणि ते मूल्यवर्धनाचा फक्त एक भाग आहे.

याच ठिकाणी भाड्याचा प्रश्न निघाला. दुकानाने इमारतीचे भाडे वजा केले होते आणि ते बरोबर होते. इमारत वापरायला देणे ही सेवा आहे आणि ती घरमालकाच्या लेख्यात उत्पादन म्हणून येते. शेतजमिनीचा खंड असता तर तो वजा झाला नसता. खंड आणि कर्जावरचे व्याज ही मूल्यवर्धनातून वाटली जाणारी मिळकत आहे. बेकरीच्या भट्टीचा घसाराही इथे वजा होत नाही, कारण आपण स्थूल मूल्यवर्धन काढतो. निव्वळ आकडा हवा असेल तेव्हा शेवटी तो एकदाच वजा करायचा.

४१० मिळवल्यावर बेरीज २,१०६. उरले ४०.

हे ४० बियाण्याचे होते. शेताने १०० टन गहू काढला, ७२ टन गिरणीला, २४ टन बेकरीला आणि ४ टन पुढच्या पेरणीसाठी ठेवला. खर्चात गेल्या वर्षी राखलेले ४ टन बियाणे ४० धरले होते, ते बरोबर. पण उत्पादनात फक्त विकलेला ९६ टन गहू होता, राखलेला ४ टन नव्हता. बियाणे दोन्ही बाजूंना लिहिले तर १,००० वजा ३००, म्हणजे ७००. दोन्ही बाजूंनी गाळले तर ९६० वजा २६०, तरी ७०० च. एकाच बाजूला लिहिले की ६६० होते. दोन्ही बाजूंनी गाळण्याची सोय मात्र फसवी आहे. पेरणीचे क्षेत्र वाढले आणि राखलेले बियाणे गेल्या वर्षापेक्षा जास्त झाले, की ती चालत नाही.

आता बेरीज २,१४६ झाली, ताळ्याशी तंतोतंत. तफावत शून्य.

शून्य तफावत, तरीही चूक

इथे काम संपले असे समजणे सगळ्यांत स्वाभाविक होते. चुकीची शंका आली ती पुन्हा वजनातूनच. बेकरीचे २४ टन बाजूला काढल्यावर गिरणीचे स्वतःचे पीठ बाहेर गेले ४६ टन: बेकरीला ४० आणि घरांना ६. ७२ टन गव्हातून मात्र ५४ टन निघायला हवे. ८ टन पीठ कुठे गेले?

ते गिरणीच्या कोठारात होते. वर्षारंभी कोठार रिकामे होते, अखेरीस ८ टन शिल्लक. प्रपत्र विक्रीचे होते, उत्पादनाचे नव्हते, म्हणून ते कुठेच आले नाही. १८ च्या दराने त्याची किंमत १४४. ते पीठ त्याच वर्षी तयार झाले, त्यासाठीचा गहू, वीज आणि श्रम त्याच वर्षी खर्च झाले. त्या गव्हाची खरेदी तर वजाही झाली होती.

ताळ्याला हे दिसले नाही याचे कारण साधे आहे. साठ्यातला बदल अंतिम वापराच्या बाजूलाही गुंतवणूक म्हणून यायला हवा, आणि तिथेही तो कोणी लिहिला नव्हता. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी सुटली तर दोन्ही बाजू छान जुळतात. ताळा दोन बाजूंमधला विसंवाद दाखवतो, दोन्हीकडची पोकळी दाखवत नाही.

दुरुस्त लेखे

| घटक | उत्पादनमूल्य | मध्यवर्ती उपभोग | स्थूल मूल्यवर्धन |
|---|---|---|---|
| शेत | १,००० | ३०० | ७०० |
| गिरणी | १,१०० | ८१० | २९० |
| बेकरी | २,१५० | १,२०० | ९५० |
| दुकान | ४३० | ८० | ३५० |
| एकूण | ४,६८० | २,३९० | २,२९० |

गिरणीचे १,१०० म्हणजे तिचे स्वतःचे ५४ टन पीठ ९७२, कोंडा ८० आणि दळणावळ ४८. दुकानाचे उत्पादनमूल्य २,५८० नसून ४३० आहे. दुकान पाव तयार करत नाही, तो लोकांपर्यंत पोहोचवते, म्हणून व्यापारात खरेदी-विक्रीतला फरक हेच उत्पादन धरतात. मूल्यवर्धन दोन्ही रीतींनी ३५० च येते, पण उत्पादनमूल्याचा रकाना फुगत नाही.

ताळा असा बसला. पाव २,५८०, घरगुती पीठ १०८, साठ्यातली वाढ १४४, कोंडा ८०, एकूण २,९१२. बियाण्याच्या साठ्यात निव्वळ बदल नाही, ४ टन गेले आणि ४ टन आले. त्यातून बाहेरचे ६२२ वजा केले की २,२९०.

एकत्रीकरणाची कसोटी पुन्हा लावली. गिरणी आणि बेकरी एक धरली तर १,१०० आणि २,१५० मधून आपसातले ७६८ गाळून उत्पादनमूल्य २,४८२. खर्चात गहू ७२० आणि २४०, बाहेरचे ९० आणि १९२, एकूण १,२४२. मूल्यवर्धन १,२४०, म्हणजे २९० अधिक ९५०. मालकी एक असो की दोन, आकडा हलत नाही. उलट खऱ्या विक्रीची बेरीज ६,६४६ वरून थेट ५,८७८ वर घसरली असती.

पहिला प्रयत्न २,०८० होता, अंतिम आकडा २,२९०. एकूणात सुमारे नऊ टक्क्यांचा फरक. घटकवार पाहिले तर गिरणीचे मूल्यवर्धन ५३० वरून २९० वर आले आणि बेकरीचे ५४० वरून ९५० वर गेले. ज्याला उद्योगवार आकडे वापरायचे होते त्याच्या हाती पहिल्या प्रयत्नात साखळीचे उलटे चित्र पडले असते.

काय वेगळे करता आले असते

प्रपत्रच वेगळे हवे होते. गिरणीसाठी ‘स्वतःच्या गव्हाचे पीठ’ आणि ‘दुसऱ्याच्या गव्हाची दळणावळ’ असे दोन रकाने, दुसऱ्यात फक्त मिळालेले शुल्क. प्रत्येकाला वर्षारंभीचा आणि वर्षअखेरचा साठा, कच्च्या आणि तयार मालाचा वेगळा. पगाराला खर्चाच्या यादीबाहेर स्वतःची ओळ. शेताला विक्रीऐवजी काढणीचा प्रश्न: किती काढला, त्यातला किती विकला, किती राखला.

पैशांच्या आधी वजन जुळवायला हवे होते. १०० टन गव्हातून ९६ टन बाहेर, ७२ टनांतून ५४ टन पीठ, १६ टन कोंडा आणि २ टन घट, बेकरीत ६४ टन पिठातून ८६ टन पाव. पाणी मिसळल्याने पावाचे वजन पिठापेक्षा सुमारे एकतृतीयांश जास्त भरते, आणि इथेही ते तसेच भरले. हा हिशेब अर्ध्या दिवसात होतो आणि चारपैकी दोन चुका, दळणावळ आणि साठा, त्यातच उघड झाल्या असत्या. त्याची मर्यादाही आहे: पगार किंवा भाडे यांना वजन नसते, तिथे खर्चाची फोडच मागवावी लागते.

मोठ्या प्रदेशात प्रत्येक व्यवहाराच्या दोन्ही बाजू मिळत नाहीत. तिथे निदान मोठ्या गिरण्या आणि मोठ्या बेकऱ्या यांच्यापुरती समोरासमोर पडताळणी करावी, आणि प्रमाणाबाहेर मूल्यवर्धन दाखवणाऱ्या गिरण्यांना दुसऱ्यांच्या गव्हाचे दळण किती हे विचारावे. या गिरणीचे पहिले मूल्यवर्धन दाखवलेल्या विक्रीच्या जवळजवळ ४० टक्के होते. दुरुस्तीनंतर ते उत्पादनमूल्याच्या २६ टक्के उरले.

साठ्याचे काम पुढच्या वर्षीही संपत नाही. ते ८ टन पीठ पुढच्या वर्षी विकले जाईल तेव्हा गिरणीच्या विक्रीतून साठ्यातली घट वजा करावी लागेल, नाहीतर याच वर्षी मोजलेले पीठ तेव्हा पुन्हा मोजले जाईल. दरम्यान पिठाचा भाव १८ वरून २० झाला आणि ते १६० ला विकले गेले, तर वजा करायची रक्कम १४४ नाही, १६० आहे. साठा बाहेर काढताना तो त्या दिवशीच्या भावाने धरायचा. वरचे १६ कोठारात पडल्या पडल्या भाव वाढल्याने मिळाले, त्यासाठी कोणी काही दळले नाही. गटाने पुढच्या वर्षाच्या प्रपत्रात साठ्याशेजारी ‘बाहेर काढल्याचा महिना’ असा रकाना वाढवला आहे.